किती हात फिरवला की खूण जाते

"एक आकडा सांगा! एकच! शंभरातले किती शब्द बदलले की पोराचं झालं आणि किती राहिले की यंत्राचं? भाजीवालीसुद्धा भाव सांगते, कॉम्प्युटर, तुम्ही का सांगत नाही?"

आमचे प्राचार्य ओरडत होते. त्यांचा आवाज असा की, प्रार्थनेनंतर 'सावधान' म्हणाले तर रेल्वे स्टेशनावर थांबलेली मालगाडीही ताठ होत असावी. माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती, विभागाच्या नावाने मारायचे. मी 'मराठी'. समोर लॅपटॉप उघडून बसलेल्या मॅडम 'कॉम्प्युटर'. खोलीत कूलर घरघरत होता, तो हवा कमी आणि पाणी जास्त फेकत होता, आणि त्याच्या समोरची खुर्ची कायम माझ्या वाट्याला येई. बैठक संपेपर्यंत माझी उजवी बाजू पंढरपूरच्या घाटावर अंघोळ करून आल्यासारखी आणि डावी बाजू तव्यावरच्या भाकरीसारखी झालेली असे.

"आकडा नाही सर," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे एकच असा नाही."

"एन्री इदु! काय हे!" प्राचार्य अक्कलकोटकडचे, राग मराठीत मावेना की तो कन्नडात उतू जाई. "मग हा अहवाल कशाला दिला? बाहेर ती पोरगी बाकावर बसलीय. तिचं काय करू?"

ती पोरगी म्हणजे माझी विद्यार्थिनी. वैरागची. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचा लघुप्रबंध होता वैरागच्या बाजारातल्या बोलीवर: आडतवाले, हमाल, भाजी विकणाऱ्या बाया कसं बोलतात, भाव करताना कोणते शब्द वापरतात. अकलूजच्या एका शाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. निकाल लागला की रुजू. लघुप्रबंध बाद झाला तर वर्ष गेलं, आणि शाळा वर्षभर कुणासाठी थांबत नाही. आणि मॅडमच्या अहवालात तिच्या नावापुढे लाल रेघ आली होती: मजकूर यंत्राचा.

आता हे यंत्र कुठलं, ते सांगतो. आमच्या कॉम्प्युटर विभागाने कॉलेजच्याच सर्व्हरवर एक लेखनसाहाय्यक बसवला होता. मुलांनी कॉलेजच्या खात्यातून आत जायचं, विचारायचं, तो मराठीत लिहून देतो. टिपणं काढा, मुद्दे विचारा, पण मसुदा स्वतः लिहा, असा नियम. आणि नियम मोडला तर कळावं म्हणून मॅडमनी त्यात एक छुपी खूण ठेवली होती. ही खूण डोळ्यांना दिसत नाही. मी पान उन्हात धरून पाहिलं, भिंगाखाली पाहिलं, एकदा वास घेऊन पाहिला. स्टाफरूममध्ये मात्र मी सगळ्यांना सांगितलं की मला वासावरून कळतं.

"परत एकदा सांगा," प्राचार्य म्हणाले. "पण बी.कॉम. झालेल्या माणसाला कळेल असं."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचं घर विणकरांचं. घरचा फोन आला की त्या तेलुगूत इतक्या भरभर बोलतात की, मला नेहमी वाटतं मागावरचा धोटा त्यांच्या जिभेवरून धावतो आहे. पण वर्गात त्या सावकाश बोलतात.

"यंत्र एकेक शब्द लिहितं," त्या म्हणाल्या. "खरं तर शब्दाचे तुकडे, पण शब्दच धरा. प्रत्येक शब्दाआधी त्याच्यापुढे बरेच पर्याय असतात. आम्ही काय केलंय, आधीचे दोनतीन शब्द आणि आमच्याकडची गुप्त किल्ली, यांच्यावरून त्या पर्यायांचे दोन गट पाडतो. एक आवडता, एक नावडता. यंत्राला सांगतो, जमेल तिथे आवडत्यातला घे. वाचणाऱ्याला काही कळत नाही, कारण दोन्हीकडचे शब्द चालणारेच असतात. पुढच्या शब्दाला गट परत नव्याने पडतात."

"आणि माणूस लिहितो तेव्हा?"

"माणसाकडे किल्ली नाही. त्याचे शब्द साधारण निम्मे इकडे, निम्मे तिकडे पडतात. यंत्राचे आवडत्यात जास्त पडतात. आम्ही फक्त मोजतो. एका वाक्यावरून काही कळत नाही. नाणं पाच वेळा उडवलं आणि चार वेळा छापा आला, तर कोण काय म्हणणार? पण हजार वेळा उडवलं आणि सातशे वेळा छापा आला, तर नाण्यातच काहीतरी आहे."

"कळलं," प्राचार्य म्हणाले. "आता पोरानं शब्द बदलले तर?"

"जो बदलला तो गेला. आणि त्याच्या पुढच्या दोनतीन शब्दांचं मोजमापही बिघडतं, कारण त्यांचे गट त्या शब्दावरून पडलेले होते. बाकीचे तसेच."

"मग किती बदलले की—"

"मजकुराच्या लांबीवर आहे सर. एक पान असेल तर थोड्या बदलानेही खूण बुडते. ऐंशी पानं असतील तर बरंच बदलूनही वर येते."

इथे मी तोंड घातलं. घालायला नको होतं. पण तोंड हा माझा अवयव माझ्या आधी नोकरीला लागला आहे. मी म्हणालो, "मॅडम, तुमची खूण कितीही पक्की असू द्या. या हाताखालून गेलेला मजकूर जन्मदात्याला ओळखू येत नाही. खुद्द यंत्र माझ्या दारात येऊन म्हणेल, सर, हे मी लिहिलं होतं का?"

हे थोडं समजावून सांगितलं पाहिजे. आमच्या विभागात एक रीत आहे. लिहिलेलं काहीही असो, बाहेर जाण्याआधी त्यावर माझा हात फिरतो. कॉलेजचं वार्षिक, संस्थेची स्मरणिका, शिपायाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, प्राचार्यांचं स्वागताचं भाषण. विद्यार्थी मसुदा घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, जरा हात फिरवा की." मी फिरवतो. मी काय सांगू, सोलापुरात मैंदर्गीच्या रस्त्यापासून जुन्या गिरणीच्या चाळीपर्यंत असं एकही निमंत्रण नसेल ज्यातला 'आग्रहाचे' हा शब्द मी काढलेला नाही.

"दाखवाच," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी यंत्राला 'सोलापूरची चादर' या विषयावर चांगला चारपाच पानी निबंध लिहायला सांगितलं. प्राचार्यांनी कूलर एक घर खाली केला, म्हणजे ऐकू यावं. भिंतीवरच्या पडद्यावर खूण किती भरते ते दाखवणारा एक खांब उभा राहिला, छतापर्यंत. मध्ये एक आडवी लाल रेघ. खांब रेघेच्या वर असेल तर योगायोग म्हणता येणार नाही, खाली आला तर यंत्राविषयी काहीच सांगता येणार नाही.

पहिल्या फेरीत मी शुद्धलेखन तपासलं, स्वल्पविराम हलवले, परिच्छेद खालीवर केले. चादरीचा इतिहास खाली नेला, भाव वर आणला. भलताच वेगळा दिसायला लागला निबंध. खांब मात्र हलला नाही म्हणजे नाही.

"वाक्यं हलवून काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "वाक्याच्या आतले शेजारी तेच राहतात ना."

दुसऱ्या फेरीत मी शब्द बदलले. 'अत्यंत' खोडलं, 'फार' लिहिलं. 'महत्त्वपूर्ण' दिसेल तिथे कापलं. प्रत्येक ओळीत एखाददुसरा. घाम आला. खांब थोडा उतरला, पण रेघेच्या वरच.

"अरे वा, मराठी! अजून यंत्रच!" प्राचार्य खूश.

माझा पारा चढला. तिसऱ्या फेरीला मी लेखणी उचलली, म्हणजे कीबोर्ड ओढला, आणि वाक्यंच मोडली. लांब वाक्याची तीन केली, दोन कोरडी वाक्यं एकत्र आणली, मध्ये एक शेंगाचटणी घातली, चादरीवर झोपणाऱ्या आजोबांना खोकला दिला. निबंधातला एकही परिच्छेद मूळच्या चालीत राहू दिला नाही. चहा आला, गार झाला, त्यावर साय आली, ती साय मीच खाल्ली. आणि खांब बसू लागला. बसला, बसला, रेघेला टेकला, रेघेखाली गेला. तिथे तो जमिनीवर पसरला, बैठकीत झोप लागलेल्या एखाद्या सदस्यासारखा.

"गेला!" प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला. "मराठीनं यंत्र मारलं!"

मी हात जोडून चौफेर नमस्कार केला. आणि नमस्कारातच माझे हात थांबले.

कारण हे मी आधी केलं होतं. अगदी असंच. महिन्यापूर्वी, माझ्याच घरच्या टेबलावर.

करकंबचा एक विद्यार्थी आहे माझा. गोड मुलगा, हसरा, सरळ भांगाचा. त्याने ग्रामीण कथेतला निसर्ग असा विषय घेतला होता. मसुदा घेऊन आला तेव्हा बरोबर घरच्या म्हशीच्या दुधाचा खवा होता, इतका की माझ्या बायकोने शेजारच्या चार घरांना वाटला आणि उरला त्याची बर्फी केली. "सर, जरा हात फिरवा की," म्हणाला. मी वाचायला घेतला. पहिलं पान वाचलं आणि डुलकी लागली. दुसऱ्यावर जागा झालो. वाक्यं सगळी एकाच उंचीची, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली, प्रत्येकाच्या तोंडी 'निसर्ग हा केवळ पार्श्वभूमी नसून'. कुठे एक म्हैस नाही, एक काटा नाही. मला कळलं का? कळलं. दुसऱ्याच पानावर कळलं. पण विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि माझे हात शिवशिवायला लागले होते. वाईट मराठी समोर पडली की मला तिची दयाच येते. मी ती पानं पंधरवडाभर धुतली, पिळली, वाळत घातली. उदाहरणं माझी टाकली. निष्कर्ष माझे. मुलगा समोर बसून म्हणायचा, "सर, हे तर मलाच म्हणायचं होतं!" आणि मला ते खरंच वाटायचं.

त्या मुलाच्या अहवालात लाल रेघ नव्हती. स्वच्छ. मॅडमच्या यादीतला सगळ्यात स्वच्छ.

आणि ज्या पंधरवड्यात मी निसर्गाला पाणी घालत होतो, त्याच पंधरवड्यात वैरागची ती पोरगी दोनदा माझ्या दाराशी येऊन गेली. दोन्ही वेळा मी बायकोकरवी सांगितलं, सर कामात आहेत. तिचा मसुदा आला तेव्हा मी पहिली चार आणि शेवटची दोन पानं चाळली, आणि मार्गदर्शक म्हणून सही केली. वर म्हणालोही, "भाषा सुधारली हं तुझी!"

ही भाषा सुधारली कशी, ते मला आत्ता, त्या पडलेल्या खांबाकडे बघताना कळू लागलं.

"बोलवा पोरीला," प्राचार्य म्हणाले. "विचारून टाकू."

ती आली. टेबलाच्या कडेला उभी राहिली. मॅडमनी तिला खुर्ची दिली, ती टोकावर बसली.

"हा लघुप्रबंध यंत्रानं लिहिला?" प्राचार्यांनी विचारलं. विचारलं म्हणजे खिडकीची काच थरथरली.

"न्हाय सर. मी लिवला. मग त्याच्याकडनं शुद्ध करून घेतला."

"शुद्ध म्हणजे?"

"म्हणजे माझं लिवलेलं त्यात घातलं आन् म्हणलं, प्रमाण मराठीत करून दे. समदं प्रकरण एकेक करून."

मॅडम पुढे झाल्या. "सगळं? प्रत्येक वाक्य?"

"व्हय मॅडम."

"म्हणून," मॅडम आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या. "विचार हिचा असेल, पण कागदावर आलेला प्रत्येक शब्द यंत्राने निवडला. माझी खूण शब्दांच्या निवडीत असते. ती विचारात नसतेच. जिथे पर्यायच नाही, गावाचं नाव, मालाचं नाव, तिथे ती बसतही नाही. पण बाकी एवढा मजकूर आहे की बेरजेत वर आली." त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी केलं. "हे बघा, एकच परिच्छेद घेतला तर खांब रेघेच्या खाली आहे. सगळं मिळून घेतलं की वर जातो."

प्राचार्यांनी प्रबंध उघडला. मधलंच एक पान. मोठ्याने वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांची भुवई कपाळाच्या वर निघून गेली, केसांत. " 'हमाल म्हणाला, दरांमध्ये अत्यंत मोठ्या प्रमाणावर वाढ झालेली असून सामान्य ग्राहकास ही परिस्थिती असह्य होत आहे.' वैरागचा हमाल? पाठीवर पोतं घेऊन?"

मॅडमना हसू आलं. मला आलं नाही. पोरगी खाली बघत होती.

"काय म्हणाला होता तो खरं?" प्राचार्यांनी विचारलं.

"भाव लई भडकलाय म्हनला हुता सर. गिऱ्हाईक तोंड बघून माघारी जातंय, असं."

"आणि भाजीवाली?"

तिने सांगितलं. मग आडतवाला. मग सकाळी सौदा निघायच्या आधी जे बोलतात ते, आणि सौदा मोडला की जे बोलतात ते. हात हलवून, आवाज बदलून सांगितलं. कुठला शब्द उत्तरेकडच्या गावांतून येणारे वापरतात आणि कुठला गावातलेच, तेही सांगितलं. प्राचार्य विसरून गेले की आपण रागावलो होतो. त्यांनी त्यांच्या आईच्या बाजारच्या आठवणी काढल्या. मी मार्गदर्शक, मी हे सगळं पहिल्यांदा ऐकत होतो. तिचा अख्खा विषय बोलीचा, आणि त्या प्रबंधात बोली एक चिमूटभरसुद्धा उरली नव्हती, यंत्राने सगळी पुसून घेतली होती. मी सही केलेल्या प्रत्येक पानावरून.

"एवढं सगळं येतं तर मग यंत्राकडे कशाला गेलीस गं?" प्राचार्य जवळजवळ मऊ झाले होते.

"भाषा नीट असावी म्हणून."

"कुणी सांगितलं नीट नाही म्हणून?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. बघितलं असतं तर बरं झालं असतं. "कुणी न्हाय," म्हणाली.

सांगितलं मी होतं. पहिल्या वर्षी, भर वर्गात. ती चर्चासत्रात उभी राहिली आणि म्हणाली, "गिऱ्हाईक तितं थांबत न्हाय", आणि मी तिच्याच आवाजात ते पुढे चालवलं. नकला मला चांगल्या येतात. वर्ग इतका हसला की शेजारच्या भूगोलाच्या वर्गातला पृथ्वीचा गोल फिरायला लागला, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. दर वेळी सांगताना त्या गोष्टीत थोडी भर पडत गेली. शेवटी शेवटी तर मी त्यात बैलगाडीही घातली होती.

"जरा बाहेर बस," प्राचार्य तिला म्हणाले. ती गेली.

"सर," मी म्हणालो, "एक सांगायचंय."

"बोला, मराठी."

"तो करकंबच्या मुलाचा अहवाल स्वच्छ आहे ना, तो माझ्यामुळे स्वच्छ आहे. तो मसुदा यंत्राचा होता. मी आख्खा परत लिहिला. आत्ता चादरीचं केलं, तसंच."

प्राचार्य हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मॅडमनी पाणी दिलं. "आख्खा! आख्खा प्रबंध! अहो, तुम्ही मागच्या वर्षी सांगितलं होतं की तुम्ही भर उन्हाळ्यात चालत अक्कलकोटला गेलात आणि वाटेत उंटानं सावली दिली. तुमचं एकही वाक्य आजवर कमी भरलेलं नाही."

"सर, उंट खोटा होता. हे खरं आहे."

"बरं बरं. पोरीला वाचवायचंय तर वाचवा, मी नाही कुठं म्हणतोय? त्यासाठी दुसऱ्या पोराला आणि स्वतःला कशाला ओढता?" ते मॅडमकडे वळले. "कॉम्प्युटर, तुमचं यंत्र काय म्हणतं? त्या पोराच्या प्रबंधात काही आहे?"

मॅडमनी पुन्हा तपासला. खांब जमिनीवर.

"खूण सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण सर, सापडत नाही म्हणजे नव्हतीच, असं नाही. ज्यानं मुळातून स्वतः लिहिलं त्याचंही असंच दिसतं, आणि ज्याचं पुरतं दुसऱ्याने बदललं त्याचंही असंच दिसतं. हे यंत्र त्या दोघांत फरक करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही."

"सर्व्हरवर नोंद असेल ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"ठेवत नाही. कोण काय विचारतो ते साठवायचं नाही, असं आपणच ठरवलं होतं."

"मग स्वच्छ माणसाला चौकशीला कशाच्या जोरावर बोलवू? मराठीच्या उंटाच्या जोरावर? साकु. पुरे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पटलं होतं. डोळ्यांत दिसत होतं. पण त्यांच्याकडे काही दाखवायला नव्हतं, कारण दाखवता येण्याजोगं जे होतं, ते मीच पंधरवडाभर बसून पुसलं होतं. आणि खरं सांगायचं तर प्राचार्य हसले तेव्हा माझ्या छातीवरचा दगड थोडा सरकला. मी पुन्हा आग्रहाने सांगितलं नाही. एकदा सांगून झालं, त्यांनी ऐकलं नाही, माझं काम झालं, असं मी स्वतःला म्हणालो. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलंच नाही, माझ्या त्या तोंडाने, जे कधीच मिटत नाही.

निर्णय असा झाला: लाल रेघ बाजूला ठेवायची. पोरीनं मूळचा, स्वतः लिहिलेला मसुदा नीट टाइप करून पुन्हा द्यायचा, बाजारातल्या माणसांची वाक्यं जशी आहेत तशी. पण या वेळच्या निकालात ते बसणार नाही, पुढच्या वेळी. अकलूजच्या शाळेला कॉलेजकडून एक शिफारस देऊ, थांबले तर थांबले. आणि नियमात एक ओळ घालायची: नुसत्या लाल रेघेवर कुणाला बाद करायचं नाही, आधी समोर बसवून विचारायचं. रेघ नसेल तर विचारायचं का, यावर चर्चा झाली नाही. वेळ संपला होता, आणि प्राचार्यांना भाषणाला जायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. ऊन तिच्या पायापर्यंत आलं होतं. मी निर्णय सांगितला. तिने मान हलवली. शाळेचं काय, असं तिने विचारलं नाही. मीच म्हणालो, थांबतील बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द मी तिथे इतक्या हळू उच्चारला की मलाच ऐकू आला नाही.

मग मी तिच्याशेजारी बसलो. "त्या करकंबच्या मुलाचा प्रबंध," मी म्हणालो, "त्याने लिहिलेला नाही. यंत्राने लिहिला आणि वरनं मी."

"ठाऊक हाय सर."

"तुला?"

"समद्यांना."

जिन्यावरून मुलं उतरत होती. त्यांच्यात तो करकंबचाही होता. लांबूनच हात वर करून हसला, मीही सवयीने हात वर केला, आणि तो तसाच थोडा वेळ वर राहिला.

"मूळ मसुदा आहे ना तुझ्याकडे?" मी विचारलं. "उद्या घरी ये. आपण बसू. एकही शब्द बदलायचा नाही, फक्त कुठे अडखळत असेल तिथे जरासा हात फिरवतो. या वेळी सगळी पानं वाचेन. माझी शपथ."

तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि उठली.

"नको सर," ती म्हणाली.